पिवळी पिशवी

मंगळवार, रात्री

सिस्टरने नळीला गाठ मारली, रक्ताच्या पिशवीवर लाल पेनाने फुली काढली आणि ती कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली. केळ्याची साल टाकावी तशी. साडेचारशे मिली.

मला पॉलिसायथेमिया व्हेरा आहे, म्हणजे तांबड्या पेशी वाजवीपेक्षा जास्त होण्याचा आजार. त्यासाठी रक्त काढायची ही पाचवी खेप, पण एरवी मी पंख्याकडे बघत पडतो. आज नेमकी मान वळली. देवळातल्या शिबिरात अठरा वेळा रक्त दिलंय मी. तिथे बिस्किटं मिळायची, प्रमाणपत्र मिळायचं. आता माझं रक्त कोणालाच नको.

हिमॅटोक्रिट ४८ आला. म्हणजे शंभर भाग रक्तात अठ्ठेचाळीस भाग नुसत्या तांबड्या पेशी. डॉक्टरांना तो ४५ च्या खाली हवा, आणि पावसाआधी ४४ होतासुद्धा. २०१३ मध्ये इटलीतला अभ्यास छापून आला होता: ज्यांचा ४५ ते ५० मध्ये राहू दिला, त्यांच्यात मोठ्या गुठळ्या आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून जवळजवळ चौपट झाले.

मग चढला कसा? माझ्यामुळेच. अंगातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ७ होतं, फोंड्याच्या बाजारात चार पावलं चालून धाप लागायची. वहिनी म्हणाली, अरे, लोह कमी आहे, घे की. सहा आठवडे गोळ्या खाल्ल्या, कोणाला न विचारता.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मज्जेतल्या एका पेशीच्या जॅक-टू जनुकात एक अक्षर बदललं, तेव्हापासून तिची पिलावळ हुकुमाची वाट न बघता तांबड्या पेशी करत सुटली आहे. हुकूम देणारं एरिथ्रोपोएटिन माझ्या रिपोर्टात तळाला आहे, तरी यांचं चालूच. रक्त काढल्याने त्या थांबत नाहीत. रक्त तेवढ्यापुरतं पातळ होतं, आणि पिशवीबरोबर लोह जातं. लोह नाही तर हिमोग्लोबिन करणार कशाचं? म्हणजे फेरिटिनचा तो ७ आकडा हा बिघाड नव्हताच, तीच औषधाची करामत. मी भट्टीत कोळसा घालत बसलो होतो.

थकवा मात्र माझ्या वाट्याला. ते असो.

रोजची ७५ ची ॲस्पिरिन वेगळ्या कामाची. ती रक्त पातळ करत नाही, लोक काहीही म्हणोत. प्लेटलेट एकमेकींना चिकटायला जो निरोप धाडतात, तो ती अडवते. सुरू केल्यावर पायाची बोटं भाजल्यासारखी व्हायची ती थांबली. आंघोळीनंतरची खाज आहे तशीच.

मुलीने विचारलं, मलापण होईल का? हा बदल जन्मापासूनचा नाही, म्हटलं. तिने मान हलवली. पुढे काही बोललो नाही.

पण ती लाल फुली काही डोळ्यासमोरून जात नाही.

वहिनीने डबा धाडलाय, तांबडी भाजी. भाजी चालते म्हणाले, गोळ्या नाहीत. उरलेल्या दोन पट्ट्या शेजारच्या काकूंना दिल्या. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना त्याच लिहून दिल्यात. काकू म्हणाल्या, देव बरें करूं. चला, अजून देण्यासारखं काहीतरी आहे माझ्याकडे.