आमची वाटचाल: एका पत्राने बदललेलं करेक्शनचं काम

लग्नाच्या फोटोग्राफीचा आमचा छोटा स्टुडिओ आहे, शूटिंग, एडिटिंग, अल्बम डिझाइन सगळं आमचीच टीम करते. सुरुवातीला करेक्शन फोनवर यायची, "तो मागचा माणूस काढा ना" एवढंच, मग कुठला फोटो आणि कुठला माणूस हे विचारण्यातच वेळ जायचा. मग एका नवरीचं पत्र आलं:

"पान ७, डावीकडचा फोटो, फाइल DSC_4127. माझ्या बाजूला मोबाइल धरून उभे असलेले निळ्या शर्टातले गृहस्थ काढता येतील का? ते आमचे नातेवाईकच आहेत, बाकीच्या फोटोंत राहू द्या, फक्त इथे नको, सगळं लक्ष त्यांच्या स्क्रीनकडे जातं. पान १२, फाइल DSC_4390, माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर हिरवा एक्झिटचा बोर्ड दिसतोय, तोही काढा. आमचे चेहरे, कपडे आहेत तसेच ठेवा. प्रिंटला द्यायच्या आधी एकदा दाखवा."

इतकं स्पष्ट पत्र मिळणं म्हणजे अर्धं काम झालंच!

पान ७ वरच्या फोटोत त्या निळ्या शर्टातल्या पाहुण्यांचं कोपर नवरीच्या खांद्यापुढे आलं होतं, म्हणजे त्यामागचं कापड आमच्या फाइलमध्ये नव्हतंच. क्लोन स्टॅम्पने शेजारचं कापड ओढलं असतं तर नक्षी दोनदा उमटली असती, ते डोळ्याला लगेच खटकतं. पण कॅमेरा बर्स्टवर होता, म्हणजे एकापाठोपाठ एक फोटो निघत होते, पुढच्याच एका फ्रेममध्ये ते थोडे मागे सरकलेले, खांदा मोकळा. तो तुकडा वरच्या लेयरवर घेऊन जुळवला आणि मास्कची कड कापडाच्या चुणीवरून नेली, चुणीवर जोड लपतो.

बोर्ड त्यामानाने सोपा वाटला, मागे साधी भिंतच होती. पण बोर्ड गेला तरी नवऱ्याच्या केसांच्या कडेला आणि खांद्यावर त्याचा हिरवा उजेड तसाच राहिला, तो तेवढ्याच भागात हिरव्याचं सॅच्युरेशन उतरवून घालवावा लागतो. शिवाय भरलेली भिंत फार गुळगुळीत दिसत होती, कमी उजेडातल्या फोटोला बारीक ग्रेन असतो, तो त्या भागातही टाकला, नाहीतर मोठ्या प्रिंटमध्ये ठिगळ दिसतं. शेवटी १०० टक्के झूमवर कडा तपासल्या, मग फोटो आडवा उलटवून पाहिला, नजर सरावलेली असते ना, उलटवल्यावर चुकीचं काही असेल तर पटकन कळतं.

तेव्हापासून आमच्या करेक्शन फॉर्ममध्ये पान, फाइल नंबर, काय काढायचं, काय तसंच ठेवायचं आणि "फक्त या फोटोतून की सगळीकडून" हे रकाने आहेत. अल्बम छापून होईपर्यंत बर्स्टमधल्या न निवडलेल्या रॉ फाइल्सही आम्ही डिलीट करत नाही. मागचा भाग दुसऱ्या कुठल्याच फ्रेममध्ये नसेल आणि चेहरा किंवा हातच झाकला गेला असेल तर आम्ही तो मनाने रंगवत नाही, क्रॉप सुचवतो किंवा त्याच क्षणाचा दुसरा फोटो दाखवतो.