धुरेकरी, जोडी आणि दोन दिवस

१२ जुलै, रात्री

आज संध्याकाळी आमच्या धुऱ्याला लागून वावर असलेला धुरेकरी आला आणि फाटकातूनच म्हणाला, "भाऊ, परवा वाफसा येईन वाटते. तुमची डवरणी झाल्यावर मले एक दिवस भेटन का? पोरगं बुधवारी अन् गुरुवारी तुमच्याकडं येते निंदाले." वाक्य एवढंच. पण मागच्या तीन वर्षांत त्यानं माझी बैलजोडी मागताना "तुमची झाल्यावर" हे शब्द कधी वापरले नव्हते. म्हणून आज लिहून ठेवतो आहे.

मागच्या वर्षीचा जुलै अजून आठवतो. यवतमाळकडचं आमचं रान काळं, भारी. झड लागली की चार-पाच दिवस वावरात पाय घालता येत नाही. मग वाफसा येतो तो दोन-तीन दिवसांपुरता. मूठभर माती दाबून सोडली की ती भुरभुरली पाहिजे. चिकटून राहिली तर बैलांनी ओढायच्या डवऱ्याची पास मातीनं भरते आणि गवत उपटायच्या ऐवजी नुसतं दबतं. त्या वेळी कापसाची पऱ्हाटी तीन आठवड्यांची होती. पहिल्याच दिवशी सकाळी तो आला, "दोन तासांसाठी जोडी द्या" म्हणाला, आणि मी दिली. जोडी परत आली दिवेलागणीला. डाव्या बैलाचा खांदा सुजला होता आणि दोघांच्याही पोटाला दुपारचा चारा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी बैल जुपले नाहीत. रात्री पाऊस पडला. मग चार एकराला नऊ बाया दोन दिवस निंदायला लावाव्या लागल्या. २५० रुपये रोजानं ४५०० रुपये गेले.

राग पैशाचा होता, पण त्याहून जास्त सुजलेल्या खांद्याचा होता. हळद आणि तेल गरम करून लावताना मी ठरवून टाकलं होतं, आता याला दारात उभं करायचं नाही.

तसं केलं नाही, ते या वहीमुळे. दिवाळीनंतर मी तीन वर्षांच्या नोंदी काढल्या. डवरणी, पेरणी, शेणखत टाकायला बंडी, असं सगळं धरून माझी जोडी त्याच्याकडे १४ दिवस गेली होती. मग दुसरी बाजू लिहायला घेतली, मी त्याच्याकडे काय मागितलं. दोनच नोंदी निघाल्या. एकदा कापूस वेचणीच्या वेळी मी पारावर त्याच्यासमोर म्हणालो होतो की यंदा माणसं मिळत नाहीत. तो गप्प बसला, आणि मी मनात लिहून टाकलं की यानं मदत केली नाही. पण मी मागितलंच कुठं होतं? तक्रार केली होती आणि त्यानं ती ओळखावी अशी वाट पाहिली होती. खरं मागणं एकच, तुरीच्या कापणीला ये म्हणालो होतो. "पाहतो" म्हणाला आणि आला नाही. तो दोष त्याचा. पण चौदाला एक असा हिशेब मांडल्यावर मला दिसलं की त्याच्याकडे जाणाऱ्या जोडीची किंमत काय आहे हे मी त्याला एकदाही सांगितलं नव्हतं. दर वेळी "न्या ना" म्हणायचो आणि घरी येऊन धुसफुसायचो. घरची म्हणायची, "त्याले सांगा ना, मले सांगून काय होते."

बोलायचं कधी, यावर बरेच दिवस विचार केला. हंगामात बोललो असतो तर तो नकार वाटला असता, कारण त्याचं वावर तेव्हा अडलेलं असतं. पारावर बोललो असतो तर चार माणसांसमोर त्याची मान खाली गेली असती. म्हणून गुढीपाडवा निवडला. त्या दिवशी गावात सालगड्यांचं साल ठरतं, बटई-मक्त्याच्या गोष्टी होतात, त्यामुळे वर्षाचं बोलणं कोणाला खुपत नाही. मीच त्याच्या वावरात गेलो. धुऱ्यावरच्या बोरीखाली दोघंच बसलो.

मी म्हणालो, "यंदापासून जोडीचं आपण नीट ठरवून घेऊ. माही डवरणी पहिले, मग तुही. तुले जोडी अन् मी, दोन्ही मिळतीन. एका दिवसाचे तुह्याकडले दोन दिवस मले पाहिजे, निंदण नाही तं वेचणी. नाही जमलं तं गावात भाडं चालू आहे, माणसासकट हजार रुपये, तेच दे. अन् दुपारचा चारा तुहा."

मागच्या १४ दिवसांबद्दल एक अक्षर काढलं नाही. ते काढले असते तर बोलणं तिथंच वसुलीचं झालं असतं, आणि जे भरून येणार नाही ते मागून भांडणच हाती लागलं असतं. पण खांद्याचं सांगितलं. बैल सुजून आला होता, म्हणून यापुढे जुपणारा मीच, हे स्पष्ट बोललो.

तो बराच वेळ काडीनं माती उकरत बसला. मग म्हणाला, "तुमी बोललेच नाही जी कधी." त्यात राग होता, आणि खरंही होतं. पुढे म्हणाला, "दोन दिवस जास्त होते." मी आकडा सोडला नाही, पण त्याची अडचण विचारली. त्याला घरची दोनच माणसं, वेचणीला त्याचाच कापूस झाडावर राहतो. मग ठरलं की दोन दिवस निंदणाचे, वेचणीचे नाहीत. आणि ज्या वर्षी तेही जमणार नाही, त्या वर्षी त्याच्या सोयाबीनचं एक बंडी कुटार माझ्या गोठ्यात. हे त्यानंच सुचवलं. मला ते सुचलंही नव्हतं.

एक गोष्ट मी हिशेबाबाहेर ठेवली आणि तसं सांगितलंही. आजारपण, मयत, रात्री-बेरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं, याचा दिवस कोणी मोजायचा नाही. त्याच्या वडिलांना मी एकदा रात्री गाडीवर नेलं होतं, ते माझ्या १४ दिवसांत कधीच नव्हतं.

नंतरचे बारा-पंधरा दिवस तो तुटक वागला. रामराम घालायचा, थांबायचा नाही. मला वाईट वाटत होतं, दोनदा मनात आलं की जाऊन म्हणावं, जाऊ दे, ने जोडी. गेलो नाही. मग मृगात त्याची बायको आमच्या घरी आली, "एका घंट्यासाठी बंडी पाहिजे होती, खत राहिलं आहे." घरचीनं माझ्याकडे पाहिलं. बंडी एका घंट्यात येत नाही हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "वहिनी, उद्या सकाळी मीच बंडी घेऊन येतो, दुपारपर्यंत होऊन जाईन. अर्धा दिवस धरू." ती हो म्हणाली. दुपारी त्यानं स्वतः बैलांपुढे कडबा टाकला.

परवा आमच्या तीन एकराची डवरणी, तेरवा त्याची. आज झोपायच्या आधी जुवाच्या खांद्याजवळ जुन्या चादरीची घडी बांधून ठेवली आहे, डाव्या बैलाला अजून घासतं.