कॉपी दोघांकडे, कोडची यादी एकाकडे

आमच्या प्रोजेक्टमध्ये एका संस्थेने पेशंट सामील करून घेतले, त्यांची संमती घेतली, रक्ताचे नमुने आणि फॉलोअपची माहिती जमवली, आणि सिक्वेन्सिंग नि अ‍ॅनालिसिस आमच्याकडे झालं. डेटा मी सांभाळायचे. दोन्हीकडच्या प्रमुखांचं पटेनासं झालं, करार संपवायचा ठरला आणि वाटणीची मीटिंग लागली.

पहिलंच वाक्य आलं, "पेशंट आमचे, डेटा आमचा, तुमची कॉपी डिलीट करा." आमचे सर भडकले, सिक्वेन्सिंगचा सगळा खर्च आपण केलाय म्हणाले, बराच वेळ नुसतं हेच चाललं. शेवटी समोरच्या एथिक्स कमिटीच्या मॅडमनी कोरं संमतीपत्र काढून मोठ्याने वाचलं. त्यात होतं की नाव काढून कोड लावलेली माहिती दोन्ही संस्था वापरतील, पण फक्त याच आजाराच्या अभ्यासासाठी. म्हणजे त्यांना आमची कॉपी काढून घ्यायचं कारण नव्हतं, आणि आम्हाला ती दुसऱ्या आजाराच्या प्रोजेक्टला वापरता येणार नव्हती.

मग खरा प्रश्न आला. कोणता कोड कोणत्या पेशंटचा, ही यादी कुणाकडे? ती त्यांच्याकडेच राहिली, कारण पेशंटशी संपर्क त्यांचाच. पण उद्या कुणी संमती मागे घेतली तर आम्हाला कळणार कसं? म्हणून लिहून घेतलं की ते फक्त कोड कळवतील, आम्ही त्या कोडची माहिती काढून टाकून लेखी कळवू, आणि आमच्याकडे कॉपी आहे तोवर हे कलम चालू राहील, करार संपला तरी. दोघांकडची कॉपी एकच आहे हे पुढे दाखवता यावं म्हणून डेटा फ्रीझ केला आणि प्रत्येक फाइलचा SHA-256 हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, कराराला जोडला.

लेखकांच्या नावांवर मला सगळ्यात जास्त राग आला. अर्धवट पेपरमधून त्यांच्या फॉलोअप करणाऱ्या ज्युनिअर मुलीला वगळून आभारात टाकायचं चाललं होतं, का तर तिने लिहिलं नाही. अहो, ड्राफ्ट तिला पाठवलाच नाही तर लिहिणार कुठून! वैद्यकीय जर्नलच्या संपादकांची समिती आयसीएमजेई, तिचे लेखक ठरवायचे निकष चार आहेत, ठोस योगदान, लेखन किंवा चिकित्सक सुधारणा, अंतिम मंजुरी आणि जबाबदारी. पण ज्याने पहिला पूर्ण केला त्याला पुढच्यांत भाग घ्यायची संधी द्यायलाच हवी, असंही तिथे लिहिलंय. ते मी वाचून दाखवलं. ड्राफ्ट तिला पाठवायचं ठरलं, आणि "उत्तर नाही आलं तर मंजुरी समजू" ही ओळ खोडली, कारण मंजुरी तिने स्वतः द्यायची असते.

मालकीचं तुलनेने लवकर सुटलं. आमचं आधीपासूनचं सॉफ्टवेअर आमचं, एकत्र सापडलेला मार्कर, म्हणजे आजाराची जैविक खूण, दोघांचा. फक्त पेटंट मिळालं तर एका मालकाने दुसऱ्याला न विचारता लायसन्स द्यावं का, याबद्दल देशोदेशी कायदे वेगळे असतात, म्हणून दोघांची लेखी संमती लागेल असं करारातच घातलं.