‘वाळू द्या’ हे शब्द मी का खोडले

“विमानाच्या टास्क कार्डाचं मराठी करताना अर्धं इंग्रजी तसंच का ठेवता? ‘नट घट्ट आवळा, सीलंट लावून वाळू द्या, तपासून सही करा’ एवढं लिहिलं तर काय बिघडतं?”

ही तिन्ही वाक्यं माझ्या पहिल्या मसुद्यात होती. तोवर मी सोलापुरातल्या यंत्रमागवाल्यांसाठी मशिनची माहितीपुस्तकं मराठीत करत होते. माझा भाचा विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये इंजिनिअर आहे. त्याच्याकडे आयटीआय करून आलेली आपल्याकडची मुलं शिकत होती आणि त्यांना कार्डाशेजारी ठेवून वाचता येईल असं मराठी पान हवं होतं. कामाच्या पायऱ्या लिहिलेल्या इंग्रजी कार्डावरच काम चालतं, सह्याही तिथेच होतात. माझं पान फक्त समजण्यासाठी. पहिलं कार्ड होतं इंधन टाकीच्या आत एक ब्रॅकेट बसवण्याचं: जागा पुसायची, बोल्ट-नट लावून ठरलेल्या टॉर्कने, म्हणजे ठरलेल्या पिळाच्या जोराने आवळायचे, मग ब्रॅकेटच्या कडेने आणि नटांवर गळती रोखणारा सीलंट भरायचा.

भाच्याने मसुदा लाल करून परत पाठवला. सगळ्यात जास्त लाल ‘वाळणे’ या एका शब्दाभोवती होतं.

पुसण्याची पायरी बघा. कापडावर सॉल्व्हंट घ्या, पृष्ठभाग पुसा आणि सॉल्व्हंट उडून जायच्या आत दुसऱ्या स्वच्छ कापडाने कोरडा करा, असं कार्ड सांगतं. मी लिहिलं होतं, “सॉल्व्हंट लावून वाळू द्या, मग पुसून घ्या.” भाच्याचा फोन आला, “मावशी, वाळू द्यायचं नाहीच की! तिथंच तर सगळं आहे.” सॉल्व्हंट धातूवरचं तेलकट विरघळवून स्वतःत घेतो. तो ओला असतानाच टिपला तर तेलही कापडावर येतं. उडून गेला तर तेल मागेच राहतं, उलट पातळ होऊन सगळीकडे पसरतं आणि डोळ्यांना जागा स्वच्छ दिसते. त्यावर भरलेला सीलंट धातूला धरतच नाही. पुढे कधी तो उपटून पाहिला तर कळतं: नीट धरलेला सीलंट मधूनच फाटतो आणि धातूवर त्याचा थर राहतो, तेलावर बसलेला मात्र सालासारखा अख्खा निघतो आणि खाली धातू लख्ख.

आता त्या पानावर दोन वाक्यं आहेत. “पृष्ठभाग ओला असतानाच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपा. आपोआप वाळू देऊ नका.” दुसरं वाक्य मूळ कार्डात नाही, म्हणून ते चौकटीत, ‘समजण्यासाठी’ अशा मथळ्याखाली आहे. स्वतःची भर मी नेहमी अशी वेगळी ठेवते.

तोच शब्द मी सीलंटलाही लावला होता. दोन भाग मिसळून होणारा पॉलिसल्फाइड सीलंट वाळत नाही, त्याच्यात रासायनिक क्रिया होऊन तो पक्का होतो. कार्डावर त्याच्या तीन वेगळ्या वेळा असतात. मिसळल्यापासून किती वेळ भरता येईल, ही पहिली. बोटाला चिकटायचा कधी थांबेल, ही दुसरी. प्लॅस्टिकची पातळ पट्टी दाबून उचलली आणि ती स्वच्छ निघाली की ही वेळ आली. पूर्ण पक्का कधी होईल, ही तिसरी. त्यासाठी त्याच मिश्रणाचा नमुना बाजूला ठेवून त्याची कठीणता मोजतात. मी तिन्हींना ‘वाळण्याची वेळ’ म्हटलं होतं. चिकटपणा गेला म्हणजे वाळला, असं समजून कोणी टाकीत इंधन भरलं तर आत अजून कच्चा सीलंट आहे.

कार्डावर ‘बी-२’ लिहिलेलं असतं. यातला बी म्हणजे कडेने भरायचा दाट प्रकार आणि दोन म्हणजे भरायला मिळणारे दोन तास. पण ते दोन तास सुमारे २५ अंश तापमानाचे. साधारण साडेपाच अंश वाढले की वेळ निम्मी होते, असा या सीलंटचा ठोकताळा आहे. मला तो डोळ्यांनी बघायचा होता. भाचा मे महिन्यात घरी आला तेव्हा शिकवण्यापुरतं उरलेलं, मुदत संपलेलं एक किट घेऊन आला. जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर सावलीतसुद्धा ४१ अंश होते. हातमोजे घालून त्याने पांढरट बेस आणि काळा ॲक्सिलरेटर रेघ दिसेनाशी होईपर्यंत घोटला. २५ ते ४१ म्हणजे जवळजवळ तीनदा निम्मे: दोन तासांचा एक, एकाचा अर्धा, अर्ध्याचा पाव. पंधरा-सोळा मिनिटांनी पट्टीवर ओढलेला सीलंट खाली बसेना, तार धरून तुटायला लागला. जुन्या किटवरून पक्कं काही सांगता येत नाही, पण त्या दिवसापासून मी ‘दोन तास’ हा आकडा कधीच एकटा लिहिला नाही. कार्डावरचं तापमान त्याच ओळीत येतं.

टॉर्कचं थोडं वेगळं आहे. पाव इंची बोल्टच्या नटाला ५० ते ७० इंच-पाउंड होतं. मला वाटलं, मुलं शाळेत न्यूटन-मीटर शिकलीत, तसं करून द्यावं. मी ६ ते ८ लिहिलं. ८ न्यूटन-मीटर म्हणजे ७०.८ इंच-पाउंड. माझ्या सोयीच्या गोल आकड्याने मर्यादा ओलांडली होती, आणि हातातल्या रेंचवर तर इंच-पाउंडच कोरलेले होते. त्याच कार्डात या टॉर्कमध्ये रन-ऑन टॉर्क मिळवा असं होतं. सेल्फ-लॉकिंग नट मोकळा फिरवतानाच जो जोर लागतो तो हा. “रन-ऑन टॉर्क अधिक ५० ते ७०” असं मी लिहिलं, आणि एका मुलाने ते ‘रन-ऑन टॉर्क जास्त असेल तर’ असं वाचलं. त्याची चूक नव्हती, आपल्याकडे ‘अधिक’चे दोन्ही अर्थ चालतात. आता असं आहे: “आधी रन-ऑन टॉर्क मोजा. आलेला आकडा दोन्ही मर्यादांमध्ये मिळवा.” खाली उदाहरण: ८ आला तर ५८ ते ७८.

आणि आकडे कार्डावर असतात त्याच अंकांत ठेवते. इथे देवनागरी लिहितेय, त्या पानावर कधीच नाही. आपला १ घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो. दहा लिहावेत आणि कोणी नव्वद वाचावेत, असा तो अंक आहे.

सहीचं वाक्य मी भाषांतरितच करत नाही. मराठीत ‘तपासून सही करावी’ म्हटलं की कोण तपासणार ते गळून जातं. कार्डावर दोन रकाने आहेत: काम करणाऱ्याचा आणि स्वतंत्रपणे बघणाऱ्याचा. हा दुसरा माणूस नटांवर सीलंट चढायच्या आधी यायला हवा, नाहीतर त्याला टॉर्क बघताच येणार नाही. शिवाय ‘काम पूर्ण झाले’ आणि ‘काम अमुक मंजूर सूचनांप्रमाणे केले’ या दोन वेगळ्या ग्वाही आहेत. सही करणारा दुसरीची जबाबदारी घेतो. म्हणून ते वाक्य जसंच्या तसं, आणि शेजारी, सहीच्या रकान्याबाहेर, कोणी, कधी आणि कशावर सही करायची एवढं मराठीत.

प्रत्येक पानाच्या डोक्यावर मूळ कार्डाचा नंबर आणि रिव्हिजन असतं. गेल्या आठवड्यात त्याच ब्रॅकेटच्या कार्डाचं नवं रिव्हिजन आलं. बदल एकच: बी-२ च्या जागी अर्ध्या तासाचा सीलंट. भाचा म्हणाला, “मावशी, एवढा आकडा बदलून दे की.” मी जुनं पान रद्द करायला सांगितलं आणि पुसण्याच्या पायरीपासून परत वाचायला बसले आहे.