धागा हरवतो तो शार्पनिंगच्या आधीच

‘तुमचा नि माझा कॅमेरा एकच, लेन्सही तीच. दोघांचं शार्पनिंग शून्यावर. तरी तुमच्या फोटोत पैठणीचा धागा न् धागा सुटा दिसतो आणि माझ्या फोटोत तोच पदर गिचमिड का दिसतो?’

हा फरक रॉ फाईलमधून, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीतून, रंगीत चित्र तयार होतानाच पडतो. शार्पनिंगची पाळी त्यानंतर येते, आणि तोवर जे हरवलेले असते ते शार्पनिंगने परत येत नाही.

सेन्सरवरच्या प्रत्येक पिक्सेलपुढे लाल, हिरवा किंवा निळा असा एकच फिल्टर असतो. कोडॅकमधील ब्राइस बायर यांनी योजलेल्या आणि 1976 मध्ये पेटंट मिळालेल्या मांडणीत निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात. म्हणजे 24 मेगापिक्सेलच्या चित्रातील प्रत्येक बिंदूला तीन आकडे लागत असले, तरी त्यांपैकी एकच मोजलेला असतो. उरलेले दोन शेजारच्या पिक्सेलवरून अनुमानाने भरले जातात. या भरणीला डीमोझेइकिंग म्हणतात आणि ती कशी करायची याच्या अनेक पद्धती आहेत.

पदराचेच उदाहरण घेऊ. चौकटीची रुंदी 6000 पिक्सेल आहे आणि तिच्यात 60 सेंटिमीटर कापड बसवले आहे, म्हणजे एका सेंटिमीटरला 100 पिक्सेल मिळाले. त्या सेंटिमीटरमध्ये ताण्याचे 40 उभे धागे असतील, तर एक धागा आणि त्यालगतची फट मिळून अडीच पिक्सेल वाट्याला येतात. हिरव्या पिक्सेलची वीण दाट असल्याने उभे धागे त्यांच्या आवाक्यात राहतात. लाल आणि निळे पिक्सेल मात्र एक सोडून एक असतात आणि चार पिक्सेलपेक्षा दाट पुनरावृत्ती त्यांना ओळखता येत नाही. अडीच पिक्सेलची वीण त्यांना दहा पिक्सेल रुंदीच्या पट्ट्यांसारखी भासते, आणि पदरावर अंजिरी-हिरव्या झाका उमटतात, ज्या मूळ कापडात नसतात.

आता याच जागी हिरव्याची भरणी कशी होते ते पाहा. सगळ्यात साध्या पद्धतीत रिकाम्या जागी वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे असलेल्या चार हिरव्या आकड्यांची सरासरी घेतात. धागे उभे असल्यामुळे वरचा आणि खालचा शेजारी त्याच धाग्यावर असतो, पण डावा आणि उजवा जवळजवळ फटीत पडतो. चौघांची सरासरी काढली की अडीच पिक्सेलच्या विणीचा उठाव त्या जागी जेमतेम एक दशांश उरतो. लगतच्या मोजलेल्या पिक्सेलवर मात्र तो पूर्ण असतो. एक पिक्सेल ठळक आणि एक पुसट अशी ती बारीक चौकट म्हणजेच तुम्हाला दिसणारी गिचमिड. तिच्यावर शार्पनिंग लावले तर धाग्याऐवजी चौकटच ठसठशीत होते.

चांगली पद्धत आधी दिशा ओळखते आणि धागा उभा असेल तर फक्त वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना विचारते. रॉ फाईलवर काम करायला मी RawTherapee हे सॉफ्टवेअर वापरतो. त्यात कमी आयएसओवर टिपलेल्या कापडासाठी AMaZE किंवा RCD ही पद्धत निवडावी. दोन्हींत धागे सुटे राहतात. तुमच्या फाईलवर VNG4 लावलेले होते. ती पद्धत निरुपयोगी नाही: काही सेन्सरवर हिरव्यांचे दोन गट किंचित वेगळे वाचन देतात आणि सपाट भागावर भुलभुलैयासारखी जाळी उमटते, तेव्हा ती कामी येते, पण त्या बदल्यात बारीक तपशील देऊन बसते. म्हणून जाळी आकाशात किंवा कोऱ्या भिंतीवर दिसते की फक्त विणीवर, हे आधी पाहावे. सपाट जागीही दिसत असेल तर दोष हिरव्यांच्या तफावतीचा आहे आणि त्यासाठी Green equilibration थोडे वाढवणे मला अधिक पटते. जाळी केवळ विणीवरच असेल तर दिशेचा अंदाज चुकला आहे.

आयएसओ 6400 ला मात्र माझा सल्ला बदलतो. दिशा ओळखणाऱ्या पद्धतीला नॉइजच्या दाण्यांतही दिशा दिसू लागते आणि सावलीच्या भागात किडे वळवळल्यासारखी नक्षी तयार होते. तिथे LMMSE बरी. धागा थोडा मऊ पडतो, पण नसलेला धागा जन्माला येत नाही.

पद्धत बदलूनही कोपऱ्यांत गिचमिड राहिली तर लेन्सकडे वळावे. कोपऱ्यांत लाल आणि निळी प्रतिमा हिरवीपासून अर्धा-पाऊण पिक्सेल सरकलेली असली, तर तिन्ही रंगांच्या कडा एकाच जागी आहेत हे गृहीतच कोसळते. ही दुरुस्ती डीमोझेइकिंगच्या आधी व्हायला हवी, म्हणून Raw टॅबमधील Chromatic Aberration खालचे Auto-correction चालू करावे. लेन्स प्रोफाइलमधली रंगदुरुस्ती चित्र तयार झाल्यानंतर लागते. तिने कडेची जांभळी रेघ जाते, पण भरणीत झालेली चूक तशीच राहते.

False color suppression steps शून्यावर ठेवून सुरुवात करावी. हे नियंत्रण उजेड-अंधाराला हात लावत नाही, रंगाचे सुटे ठिपके मात्र शेजाऱ्यांत मिसळते. खोट्या झाका त्याने जातात हे खरे, परंतु हिरव्या काठातला एकेरी लाल धागाही त्याच्या लेखी सुटा ठिपकाच असतो. मी एक-दोनच्या पुढे सहसा जात नाही. Hot pixel filter बद्दलही हेच. जरीवर एका पिक्सेलपुरती चमक आली तर तो तिला बिघडलेला पिक्सेल समजून बुजवू शकतो, आणि जरीकाठ अकारण मिणमिणता दिसतो. दीर्घ एक्स्पोजर नसेल तर तो बंदच असावा.

आता तुलना कशी करायची ते. दोन्ही फाईलींना Neutral प्रोफाइल लावावे आणि Raw टॅबमधील Capture Sharpening बंद आहे याची खात्री करावी. Detail टॅबमधले शार्पनिंग शून्यावर आणले तरी हे वेगळे राहते, आणि काही तयार प्रोफाइलमध्ये ते आपोआप चालू असते. लाइटरूममध्ये रॉ फाईल उघडली तर शार्पनिंग मुळातच 40 वर असते, त्यामुळे तिथले चित्र शेजारी ठेवून केलेली तुलना फसवी ठरते. नॉइज रिडक्शनही बंद करावे. मग 200 टक्क्यांवर एकच जागा, शक्यतो काठ आणि पदर मिळतात ती, धरून पद्धती एकामागून एक बदलाव्यात. संपूर्ण चित्र पडद्यावर मावेल इतके लहान करून पाहिले तर यातले काहीही दिसत नाही.

अंजिरी-हिरव्या पट्ट्या मात्र कोणत्याही पद्धतीने पुरत्या जाणार नाहीत, कारण लाल आणि निळ्या पिक्सेलनी तिथली वीण मुळात नोंदवलेलीच नाही. त्यावर उपाय छायाचित्र घेतानाच करावा लागतो. कॅमेरा जवळ नेऊन चौकटीत 60 ऐवजी 30 सेंटिमीटर कापड घेतले, की तोच धागा फटीसह पाच पिक्सेल व्यापतो, चारच्या मर्यादेबाहेर येतो आणि पट्ट्या नाहीशा होतात. संपूर्ण पदर एकसंध हवा असेल तर असे तुकडे घेऊन नंतर जोडावेत. माझ्या ज्या फोटोबद्दल तुम्ही विचारलेत, तो असाच दोन तुकड्यांचा आहे.