दोन उतारांचं छप्पर

आंबोलीत आम्ही तीन दिवस होतो आणि त्या तीन दिवसांत मी एकूण पाच पहिले परिच्छेद लिहिले. दुसरा परिच्छेद एकही नाही.

एका दिवाळी अंकासाठी प्रवासावर बाराशे शब्द द्यायचे होते. दिवाळी अंकांचं सगळं जुलैतच सुरू होतं, त्यामुळे बाहेर धो धो पाऊस आणि आपण फराळाच्या ताटाशेजारी वाचलं जाणार असं काहीतरी लिहायचं, अशी ती गंमत असते. संपादक फोनवर म्हणाले होते, "सुरुवात अशी करा की माणूस थांबलाच पाहिजे." मी हो म्हणाले. नवऱ्याने तोवर बॅग भरून त्यात तीन पुस्तकं आणि दोन उश्या कोंबल्या होत्या. त्याचा या प्रवासातला हेतू त्या उश्यांवरून स्पष्ट होता.

पहिला परिच्छेद पोचल्या संध्याकाळीच लिहिला. 'सह्याद्रीच्या कुशीत वसलेलं आंबोली हे टुमदार गाव' अशी सुरुवात झाली आणि तिथेच मला स्वतःची लाज वाटली. महाराष्ट्रात जरा उंचावर असलेलं प्रत्येक गाव सह्याद्रीच्या कुशीत वसलेलं असतं. सह्याद्रीला एवढ्या कुशी असत्या तर त्याचं काही खरं नव्हतं. आणि टुमदार? सावंतवाडीहून बेळगावला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने मका भाजणाऱ्या गाड्या, चहाच्या टपऱ्या, लॉजच्या पाट्या, आणि मग आत झाडीत लांब लांब पसरलेल्या वाड्या. मुख्य म्हणजे गाव मी पाहिलंच नव्हतं. घाट चढून वर आलो तेव्हा गाडीच्या दिव्यांपुढे चार हात रस्ता दिसत होता. ज्या घरी उतरलो त्याचा रंग मला दुसऱ्या दिवशी कळला.

दुसरा परिच्छेद आकड्यांचा. आकडा दिला की लेखक अभ्यास करून आलाय असं वाटतं. आंबोलीची उंची 690 मीटर आणि वर्षाचा पाऊस सात हजार मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे पुण्यात वर्षभर जेवढा पडतो त्याच्या जवळजवळ दहापट. कारण सरळ आहे. समुद्रावरून आलेला ओला वारा कोकणाच्या सपाटीवरून विनाअडथळा येतो आणि इथे एकदम भिंत लागते. त्याला वर चढावंच लागतं, चढता चढता तो गार होतो, आणि गार हवेला तेवढी वाफ धरून ठेवता येत नाही. मग जे काय आहे ते ती इथेच ओतते. पूर्वेला तीसेक किलोमीटरवर आजरा. तिथे पोचेपर्यंत वाऱ्याचा खिसा बराचसा रिकामा झालेला असतो, आणि पुढे गडहिंग्लजकडे तर लोक आभाळाकडे बघत बसतात.

हे सगळं मी लिहिलं आणि काकूंना विचारलं, यंदा पाऊस कसा आहे? त्या घावणे काढत होत्या. म्हणाल्या, "नेहमीसारखोच आसा." सात हजार मिलिमीटरचं एवढंच वजन.

मला तो आकडा खरा कळला तो मोज्यांवरून. पोचल्यावर ओले मोजे खोलीतल्या दोरीवर टाकले होते. सकाळी ते जास्त ओले होते. हे कसं होऊ शकतं यावर नवऱ्याने पांघरुणातून तोंड बाहेर काढून भाषण दिलं. खिडकीबाहेर जे होतं ते धुकं नव्हतंच, ढग होता, आणि आम्ही हवा यावी म्हणून खिडकी उघडी ठेवून त्याला आत घेतला होता. हवेत आणखी पाणी मावतच नसेल तर मोज्यातलं पाणी जाणार कुठे? बरोबर होतं त्याचं. पण भाषण झाल्यावर तो पुन्हा झोपला, आणि मोजे घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. काकूंनी एक नजर टाकली. "ते असे सुकूचे नाय," म्हणाल्या आणि चुलीवर टांगलेल्या बांबूच्या मांडणीवर नेऊन टाकले. तिथे आधीच सुकट, चिंच, घरातल्या सगळ्यांचे पायमोजे आणि एक शाळेचं दप्तर वाळत होतं. चुलीतल्या निखाऱ्यात काकूंनी फणसाच्या आठळ्या पुरल्या होत्या. त्या फुटून साल तडकली की काठीने बाहेर ओढायच्या, फुंकर मारत सोलायच्या आणि मिठाबरोबर खायच्या. दुपारपर्यंत मी तिथून उठले नाही. सात हजार मिलिमीटरमध्ये घरातली कोरडी जागा ती एवढीच, चुलीपासून दीड हातावर. हा परिच्छेद झाला असता खरा, पण हातांना राख लागलेली होती.

तिसरा परिच्छेद मात्र मला अजूनही आवडतो, फक्त तो खोटा आहे.

आंबोली ऐन घाटमाथ्यावर आहे. इथे उगम पावणारी हिरण्यकेशी पूर्वेला जाते, आजरा, गडहिंग्लज करत घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. घाटाच्या पश्चिमेला पडलेलं पाणी मात्र कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतं, जो इथून आकाश मोकळं असेल तर नजरेच्या टप्प्यात यावा एवढा जवळ. आता आमचं घर दोन उतारांचं, कौलारू. मी पडवीत बसून पागोळ्या बघत होते आणि मला सुचलं: 'या घराच्या पुढच्या पागोळीतला थेंब अख्खा देश ओलांडून बंगालच्या उपसागरात जातो आणि मागच्या पागोळीतला अरबी समुद्रात, आम्ही मधे, आढ्याखाली, झोपलो होतो.' वाहवा. संपादक खुर्चीतून पडले असते.

एवढं चांगलं वाक्य आलं की मला संशय येतो. काका खांबाला टेकून सुपारी कातरत होते, त्यांना विचारलं, तुमच्या छपराचं पाणी कुठे जातं? त्यांना वाटलं माझी काहीतरी तक्रार आहे, खोलीत गळतंय वगैरे. मग नीट समजल्यावर म्हणाले, "फुडचा हळदीत जाता, मागचा गटारात. दोनय शेवटाक खालच्या व्हाळाक मिळतत."

"आणि व्हाळ?"

"व्हाळ हिरण्यकेशीक."

म्हणजे सगळंच पाणी बंगालला. दोन समुद्र वेगळे करणारी रेघ कुठेतरी पश्चिमेला कड्याच्या काठाने जाते, आणि ती लोकांच्या आढ्यांची सोय बघत नाही. मी ते वाक्य खोडलं. त्यानंतर तासभर मी काही केलं नाही, आणि ते फार छान होतं.

दुसऱ्या दिवशी अपराधी वाटून आम्ही कावळेसादला गेलो. ही दरी बघण्यासाठी लोक कुठून कुठून येतात. आम्हाला कठडा दिसला, आणि कठड्यापलीकडे पांढरं. माणसं त्या पांढऱ्याकडे पाठ करून फोटो काढत होती. दरीतून वर येणारा वारा कड्यावरून पडणारं पाणी उलटं फेकतो, त्यामुळे पाऊस हनुवटीखालून लागतो, छत्री खाली धरावी लागते. दहा मिनिटांत परतलो. चौथा परिच्छेद यावर होता. तो मी पुसला नाही, त्याच्यावर चहा सांडला.

घराच्या मागे एक हौद आहे, पत्र्याची पन्हाळी लावून भरलेला. न्हाणीचं पाणी त्यातूनच काढतात. त्यावर पेरूची एक फांदी आलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुताना मला त्या फांदीला साबणाचा फेस लागलेला दिसला. चांगला मूठभर, पांढरा, कडेची दोन पानं त्याला चिकटून आत वळलेली. नवऱ्याने दाढी करून फेस झटकला असेल असं वाटून मी तो बोटाने काढायला गेले तर काका मागून ओरडले, "तेका हात लावू नकात! बेडकान घर केल्यान हा."

मग ती सकाळ हौदापाशीच गेली. हे घर मलबारी उडत्या बेडकाचं. हिरवागार, बोटांमधल्या पडद्यांना तांबूस रंग. ते पडदे पसरून एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे तरंगत उतरतो म्हणून उडता. रात्री छपराजवळ कुणीतरी जिभेने टाळ्याला टकटक वाजवत होतं, ते हेच असावेत असं काका म्हणाले. मादी अंडी घालताना अंगातून एक स्राव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळत राहते. आपण अंड्याचा पांढरा बलक फेसतो तसंच. त्या फेसात अंडी ओली राहतात. वरची साय हळूहळू जरा कडक, पिवळट होते, आत मात्र ओलं. आणि जागेची निवड बघा: फांदी अशी की तिच्या बरोबर खाली पाणी. काही दिवसांनी पिल्लं फुटली की फेस खालून पातळ होतो आणि ती टपटप पाण्यात पडतात. फांदी वीतभर बाजूला असती तर खाली दगड. पाणी आटलं तरी खेळ खलास, पण आंबोलीच्या जुलैत ती भीती कमीच.

मी स्टूल घेऊन बसले. नवरा उठून आला, त्यानेही स्टूल आणलं. या प्रवासात त्याने स्वतःहून केलेली ही पहिली हालचाल. फेसावर पावसाचे थेंब पडत होते आणि फेस विरघळत नव्हता. एका पानाच्या टोकावरून पाणी ओघळून हौदात जात होतं. बाकी काही घडत नव्हतं. आम्ही दीड तास बघितलं. काकूंनी मधेच येऊन पेज आणि लोणचं हातात दिलं. आम्ही कशाला बसलोय हे त्यांनी विचारलं नाही.

पाचवा परिच्छेद मी तिथे बसून लिहिला. त्यात पिल्लं पाण्यात पडतात. निघायच्या आधी शेवटचं बघितलं तर फेस होता तसाच होता, जरासा पिवळट. त्यामुळे तोही खोडावा लागला.

घरी येऊन पाच दिवस झाले, मग काकूंचा फोन आला. माझे मोजे तिकडेच राहिले होते.

"सुकले का?"

"कडकडीत," त्या म्हणाल्या.

मी फेसाचं विचारलं.

"तो पडलो परवा राती. हौदात बारकी बारकी पिल्ला नुसती वळवळतत," काकू म्हणाल्या. आवाजात जरा वैताग होता. "न्हाणीचा पाणी आता विहिरीवरसून आणतंय."