आलेखावरून ऑर्बिटल ओळखताना

सूत्रं पाठ व्हायला वेळ लागला नाही. रेडियल नोड n − l − 1, अँग्युलर नोड l, एकूण n − 1. माझी गाडी अडली ती उलट्या प्रश्नापाशी: समोर हायड्रोजनचा R(r) चा आलेख, नाव नाही, ऑर्बिटल ओळखा.

रेघ शून्यातून निघून वर चढत होती, मग उतरत अक्ष एकदा ओलांडत होती आणि ऋण बाजूने पुन्हा हळूहळू अक्षाला टेकत होती. शून्य तसं तीनदा दिसतं. पण नोड तिथेच, जिथे चिन्ह बदलतं. केंद्रावरचं आणि अनंताकडचं शून्य धरायचं नाही. म्हणजे रेडियल नोड एक. आता 2s, 3p, 4d अशा सगळ्यांनाच एक रेडियल नोड असतो, त्यामुळे नुसत्या मोजणीने भागत नाही.

खरी खूण केंद्राजवळ होती. तिथे R हे r च्या l व्या घाताप्रमाणे वाढतं. s ची रेघ उंचावरूनच सुरू होते, p ची शून्यातून सरळ तिरकी निघते, d ची आधी अक्षाला चिकटून सरपटते आणि मग उठते. माझी सरळ निघाली होती. म्हणून l = 1, आणि n − 1 − 1 = 1 वरून n = 3. पडताळाही लगेच मिळाला. 3p च्या R मध्ये (6 − r/a₀) हा अवयव असतो, आणि रेघ बरोबर 6a₀ ला, म्हणजे सुमारे 3.17 अँगस्ट्रॉमला, अक्ष ओलांडत होती. 2s असतं तर 2a₀ ला ओलांडली असती, 4d असतं तर 12a₀ ला.

उभ्या अक्षावर r²R² असेल तर मात्र ही खूण जवळजवळ हातची जाते, कारण मग सगळ्याच रेघा शून्यातून निघतात आणि चिन्हही पुसलं जातं. तिथे मी शिखरं मोजते. ती n − l असतात.

मग आकार काढला. l = 1 म्हणजे एक अँग्युलर नोड; pz साठी तो xy प्रतल. त्याच्या वर-खाली एकेक पाकळी, आणि 6a₀ त्रिज्येचा गोल दोन्ही पाकळ्यांना छेदतो. गोलाच्या आतला तुकडा आणि बाहेरचा तुकडा विरुद्ध चिन्हांचे, असे एकूण चार भाग. बऱ्याच आकृत्यांत हा आतला तुकडा काढतच नाहीत, त्यामुळे 2p आणि 3p जुळे दिसतात. मला हे पटत नाही.

नोडचं रूप मात्र l एकटा सांगत नाही. dz² मध्ये l = 2, पण प्रतल एकही नाही. 3cos²θ − 1 = 0 सोडवलं की θ = 54.7° आणि 125.3° मिळतात, म्हणजे z अक्षाभोवतीचे दोन शंकू. xy प्रतलावर तर उलट त्याचं कडंच असतं.